Ctrl + D दाबूनही माइक चालूच राहतो: ऑनलाइन तासात शॉर्टकट का चुकतात आणि ते कसे दुरुस्त करावेत

अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली की आमच्याकडे नववी-दहावीचे तास गूगल मीटवर घेतले जातात. अशाच एका दिवशी विज्ञानाच्या बाई ‘गतीचे नियम’ शिकवत होत्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होणार हे लक्षात आल्यावर त्यांनी सवयीने Ctrl + D दाबले. काहीच बदललेले दिसले नाही, म्हणून पुन्हा दाबले, आणि खात्री करण्यासाठी आणखी दोन वेळा दाबले. शिट्टी साऱ्या वर्गाने ऐकली, आणि शिट्टीपाठोपाठ घरातल्या माणसांशी झालेले बोलणेही ऐकले. तास संपल्यावर बाईंनी मला फोन केला. शॉर्टकट कधी चालतो, कधी चालत नाही, आणि केव्हा चालणार नाही याचा भरवसा नसल्यामुळे तो वापरणेच बंद करावेसे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते.

मी त्यांना त्या दिवशी वापरलेली पॉवरपॉइंटची फाइल उघडायला सांगितली. सातवी स्लाइड, म्हणजे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची, लागोपाठ पाच वेळा आली होती. मूळची एक आणि वाढलेल्या चार. बाईंनी Ctrl + D चार वेळाच दाबले होते. चारही वेळा कीबोर्डने त्यांची आज्ञा बिनचूक पोहोचवली होती, मात्र ती मीटऐवजी पॉवरपॉइंटला मिळाली होती. पॉवरपॉइंटमध्ये डावीकडच्या पट्टीतील स्लाइड निवडलेली असताना Ctrl + D दाबले की त्या स्लाइडची हुबेहूब प्रत तयार होते आणि तीच समोर येते. प्रत मूळ स्लाइडसारखीच असल्यामुळे पडद्यावर काही घडलेच नाही असे वाटते, आणि मुलांनाही काही कळत नाही.

ही तक्रार वारंवार येते आणि तिच्यामागे जवळजवळ प्रत्येक वेळी हेच एक कारण असते, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. संगणकावर एकाच वेळी कितीही विंडो उघड्या असल्या तरी कीबोर्डवर दाबलेली कळ त्यांपैकी एकाच विंडोला मिळते. ज्या विंडोवर आपण शेवटचे क्लिक केले असेल किंवा जिच्यात कर्सर असेल, ती ही विंडो. मीट आणि झूमच्या आज्ञाही, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, याच नियमाने चालतात. स्क्रीन शेअर केल्यावर शिक्षक स्वाभाविकपणे धड्याच्या विंडोवर क्लिक करतो आणि त्या क्षणापासून मीट पडद्याआड चालू असते, पण कीबोर्डचे काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तासाच्या सुरुवातीला, हजेरी घेताना, शॉर्टकट उत्तम चालतात आणि शिकवणे रंगात आल्यावर ते चालेनासे होतात, याचे कारण हेच आहे.

आज्ञा कोठे गेली हे कसे ओळखावे

आज्ञा चुकीच्या ठिकाणी गेली की तिची खूण बहुतेक वेळा मागे राहते. ती ओळखता आली तर तर्क लढवावा लागत नाही. मीटमध्ये माइकसाठी Ctrl + D आणि कॅमेऱ्यासाठी Ctrl + E आहे, आणि नेमक्या याच दोन जोड्या इतर अनेक प्रोग्रॅमनी आपापल्या कामासाठी घेतलेल्या आहेत. क्रोममध्ये दुसरा टॅब समोर असताना Ctrl + D दाबले तर त्या पानाचा बुकमार्क होतो आणि वर उजवीकडे त्याची छोटी चौकट उघडते. Ctrl + E दाबले तर कर्सर वरच्या पत्त्याच्या पट्टीत जातो. वर्डमध्ये Ctrl + D ने फॉन्टची चौकट उघडते आणि Ctrl + E ने परिच्छेद ओळीच्या मध्यभागी सरकतो. पॉवरपॉइंटमध्ये मजकुरात कर्सर असताना Ctrl + E चा परिणाम असाच होतो, आणि स्लाइड शो चालू असताना त्याच कळांनी माउसचा बाण खोडरबर होतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl + D ने फाइलची माहिती सांगणारी चौकट येते. त्यामुळे तासानंतर ब्राउझरमध्ये न केलेले बुकमार्क आढळले, स्लाइड वाढलेल्या दिसल्या किंवा शीर्षकाखालचा मजकूर आपोआप मधोमध आलेला दिसला, तर आपली आज्ञा त्या वेळी कोठे पोहोचली होती ते निश्चित समजावे. लगेच लक्षात आल्यास Ctrl + Z ने पॉवरपॉइंट व वर्डमधील बदल मागे घेता येतो.

येथे एक सवय मोडणे फार गरजेचे आहे, आणि ती म्हणजे खात्रीसाठी तीच कळ पुन्हा दाबणे. Ctrl + D ही माइक बंद करण्याची आज्ञा नसून स्थिती उलटी करण्याची आज्ञा आहे. माइक चालू असेल तर ती तो बंद करते आणि बंद असेल तर चालू करते. पहिल्या वेळी माइक खरोखर बंद झाला असेल, तर दुसऱ्या वेळी आपणच तो उघडलेला असतो. म्हणून एकदा दाबावे आणि मग डोळ्यांनी पाहावे. मीटच्या खालच्या पट्टीतील माइकच्या चिन्हावर तिरपी रेघ आली असेल तरच माइक बंद आहे. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज स्वतःचे माइकचे चिन्ह दाखवते, त्यावर मात्र विसंबू नये, कारण एखादा प्रोग्रॅम माइक वापरत आहे एवढेच त्या चिन्हावरून कळते. आपला आवाज वर्गात जात आहे की नाही हे कळत नाही. मीट आपल्याला म्यूट असतानाही बोलल्याचे लक्षात आणून देते, याचा अर्थ माइकशी तिचा संबंध तेव्हाही तुटलेला नसतो.

सर्वात खात्रीची तपासणी दुसऱ्या उपकरणाने होते. तास सुरू होण्याआधी पाच मिनिटे आपल्याच मोबाइलवरून दुसऱ्या खात्याने त्या वर्गात विद्यार्थी म्हणून शिरावे, मोबाइलचा माइक बंद ठेवावा आणि आवाज शून्यावर आणावा, नाहीतर दोन उपकरणांचा आवाज एकमेकांत घुमून कर्कश शिट्टी उठते. मग संगणकावर स्क्रीन शेअर करून, धड्याच्या विंडोवर मुद्दाम एक क्लिक करून, शॉर्टकट दाबून पाहावा. मोबाइलवर आपल्या नावाजवळचे माइकचे चिन्ह बदलले तर आज्ञा पोहोचली. क्लिक करण्याची पायरी गाळू नये, कारण ती गाळली तर मीटची विंडोच समोर राहते, तपासणी यशस्वी होते आणि प्रत्यक्ष तासात पुन्हा तोच घोळ होतो. बाईंनी आदल्या दिवशी केलेली तपासणी अशीच फसवी ठरली होती.

मीटवर काय करावे

मीट ब्राउझरमधील एक पान आहे आणि तिची विंडो समोर नसताना Ctrl + D तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मीटवर खरा उपाय एकच आहे: आज्ञा देण्याआधी मीटला समोर आणणे, आणि तेही माउस न शोधता. त्यासाठी मीटचा टॅब धरून बाहेर ओढावा, म्हणजे त्याची स्वतंत्र विंडो होईल. आता धड्याची एक आणि मीटची एक अशा दोनच विंडो आळीपाळीने वापरल्या, तर Alt + Tab एकदा दाबल्यावर मीट समोर येते, Ctrl + D ने माइक बंद होतो आणि पुन्हा Alt + Tab दाबल्यावर आपण धड्यावर परत येतो. Alt + Tab नेहमी आधी वापरलेल्या विंडोवर नेते, म्हणून मध्येच तिसरी विंडो, समजा हजेरीची एक्सेल फाइल, उघडली की हा क्रम बिघडतो. ती उघडावी लागलीच, तर परत येताना एकदा मीटवर आणि मग धड्यावर क्लिक करून क्रम पुन्हा बसवून घ्यावा.

धडा क्रोमच्याच दुसऱ्या टॅबमध्ये असेल आणि मीट वेगळी काढलेली नसेल, तर Alt + Tab चा उपयोग होत नाही, कारण दोन्ही टॅब एकाच विंडोत असतात. अशा वेळी मीटचा टॅब सर्वात डावीकडे पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि Ctrl + 1 दाबून त्यावर जावे. धड्याचा टॅब दुसरा असेल तर Ctrl + 2 ने परत यावे. ही पद्धत मला स्वतःला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. त्या विंडोतल्या कोणत्याही टॅबवर असलो तरी Ctrl + 1 म्हणजे मीट.

या अदलाबदलीचा त्रास मुलांना होऊ नये म्हणून संपूर्ण स्क्रीन शेअर करणे टाळावे. संपूर्ण स्क्रीन शेअर केलेली असताना मीट समोर आणली की मुलांना मीटमध्ये मीट, तिच्यात पुन्हा मीट असे एकात एक आरसे दिसू लागतात. शेअर करताना मीट तीन पर्याय देते: एखादा टॅब, एखादी विंडो किंवा संपूर्ण स्क्रीन. धडा टॅबमध्ये असेल तर टॅब निवडावा, पॉवरपॉइंट किंवा पीडीएफ असेल तर त्याची विंडो निवडावी. मग आपण मीटवर जाऊन आलो तरी मुलांच्या पडद्यावर धडाच स्थिर राहतो. व्हिडिओ दाखवायचा असेल तर टॅबचाच पर्याय घ्यावा, कारण त्यासोबत त्या टॅबचा आवाजही पाठवता येतो; फक्त विंडो शेअर केली तर बहुधा चित्र दिसते आणि आवाज पोहोचत नाही.

विंडो शेअर करताना पॉवरपॉइंटची एक अडचण हमखास येते. आपण पॉवरपॉइंटची विंडो निवडतो, F5 दाबून स्लाइड शो सुरू करतो आणि मुले सांगतात की त्यांना अजून डावीकडे पट्टी असलेलेच चित्र दिसते आहे. स्लाइड शो ही पॉवरपॉइंटने उघडलेली वेगळी विंडो असते आणि शेअर झालेली असते मूळची. त्यामुळे कंटाळून बरेच शिक्षक स्लाइड शो न लावता पट्टीतील स्लाइडवर क्लिक करत शिकवतात, आणि मग Ctrl + D ने स्लाइडच्या प्रती निघतात. बाईंच्या बाबतीत घडले ते नेमके असे.

यासाठी पॉवरपॉइंटमध्ये Slide Show या मेनूतील Set Up Slide Show उघडून तेथे Browsed by an individual (window) हा पर्याय निवडावा. आता F5 दाबल्यावर शो पूर्ण पडदा न व्यापता एका साध्या विंडोत सुरू होतो. आधी शो सुरू करावा आणि मग त्या शोचीच विंडो शेअर करावी. Windows + डावा बाण दाबून ती विंडो पडद्याच्या अर्ध्या भागात आणि Windows + उजवा बाण दाबून मीट उरलेल्या अर्ध्या भागात बसवता येते. एवढे केले की माइकचे चिन्ह सतत डोळ्यांसमोर राहते आणि आज्ञा पोहोचली की नाही हे विचारावे लागत नाही. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर स्लाइडमधील अक्षर आपल्याला बारीक दिसते, हे खरे आहे, पण मुलांना जाणाऱ्या चित्राची सुबकताही त्यामुळे थोडी कमी होऊ शकते, म्हणून स्लाइडवर मजकूर मोठ्या अक्षरात आणि मोजका ठेवावा.

झूमवर वेगळी सोय आहे

झूमचा प्रोग्रॅम संगणकावर स्थापित केलेला असेल, तर त्याला कोणतीही विंडो समोर असताना आज्ञा ऐकण्याची परवानगी देता येते. Settings मध्ये Keyboard Shortcuts उघडल्यावर प्रत्येक शॉर्टकटपुढे Enable Global Shortcut या शीर्षकाखाली चौकोन दिसतो. विंडोजवर माइकसाठी Alt + A आणि कॅमेऱ्यासाठी Alt + V आहे. Alt + A पुढच्या चौकोनात खूण केली की वर्ड, पॉवरपॉइंट, ब्राउझर यांपैकी काहीही समोर असले तरी माइक बंद-चालू होतो. ब्राउझरमधून झूमच्या तासात शिरणाऱ्यांना मात्र ही सोय मिळत नाही. त्यांनी मीटसाठी सांगितलेलीच पद्धत वापरावी.

ही सोय कळल्यावर सगळ्याच चौकोनांत खूण करण्याचा मोह होतो. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खूण केलेली जोडी झूम स्वतःकडे घेतो आणि तास चालू असेपर्यंत ती इतर प्रोग्रॅमला मिळत नाही. एक्सेलमध्ये Alt + A ने Data हा मेनू उघडतो आणि पॉवरपॉइंटमध्ये Animations उघडतो. गणिताचे शिक्षक एक्सेलमध्ये कीबोर्डने काम करत असतील, तर मेनू उघडण्याऐवजी त्यांचा माइक उघडेल, आणि ही चूक पहिल्या चुकीपेक्षा वाईट आहे. ज्यांना हा अडथळा येतो त्यांनी त्याच यादीत शॉर्टकटवर क्लिक करून दुसरी जोडी द्यावी. आपण इतरत्र कधीच वापरत नाही अशी तीन कळांची जोडी असली म्हणजे पुरे. माझ्या मते खूण फक्त माइकसाठी करावी, आणि कॅमेरा वारंवार बंद करावा लागत असेल तर Alt + V साठी.

यजमान असलेल्या शिक्षकाला झूममध्ये Alt + M ने स्वतःखेरीज सर्वांचे माइक एकदम बंद करता येतात. मीटमध्ये हे काम सहभागींच्या यादीतून, सर्वांना म्यूट करण्याच्या बटणाने करावे लागते. एकदा बंद केलेला विद्यार्थ्याचा माइक मीटमध्ये शिक्षकाला परस्पर उघडता येत नाही. विद्यार्थ्यानेच तो उघडायचा असतो. कॅमेऱ्याचेही झूममध्ये असेच आहे: शिक्षक तो बंद करू शकतो, पण चालू करण्यासाठी केवळ विनंती पाठवू शकतो. कोणाच्या घरातले दृश्य किंवा बोलणे त्याच्या नकळत वर्गापुढे जाऊ नये यासाठी ही मर्यादा आहे, त्यामुळे तिला बिघाड समजून उपाय शोधत बसू नये.

स्क्रीन शेअरसाठी झूममध्ये Alt + S आणि ते तात्पुरते थांबवण्यासाठी Alt + T आहे. या दोन्ही जोड्या झूमची नियंत्रणपट्टी समोर असतानाच चालतात, म्हणून शेअर चालू असताना आधी Ctrl + Alt + Shift एकत्र दाबून पट्टीवर यावे आणि मग Alt + T दाबावे. Alt + T चा उपयोग फार शिक्षक करत नाहीत, याचे मला वाईट वाटते. उत्तरपत्रिकेचा नमुना किंवा गुणांची यादी उघडायची असेल, तेव्हा शेअर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्याऐवजी Alt + T दाबले तर मुलांना शेवटचे चित्र गोठलेले दिसत राहते आणि आपण मोकळेपणाने फाइल शोधू शकतो. काम झाल्यावर पुन्हा तेच दाबायचे. मीटमध्ये शेअरच्या सुरुवातीसाठी खालच्या पट्टीतील बटणावर क्लिक करणे हाच मार्ग धरून चालावे.

दोन्हीकडे एक गैरसमज सारखाच आढळतो. स्लाइड शो संपवण्यासाठी Esc दाबले की शेअरही थांबले असे वाटते. Esc ने फक्त स्लाइड शो बंद होतो, शेअर तसेच चालू राहते. संपूर्ण स्क्रीन शेअर केलेली असेल तर त्यामागचा डेस्कटॉप, उघडलेले ई-मेल, सारे वर्गासमोर येते. शेअर थांबवण्याचे बटण वेगळे असते आणि तेच दाबावे लागते.

स्पेसबार, दुसरा स्विच आणि मराठी कीबोर्ड

म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता माइक उघडतो, अशी सोय मीट आणि झूम दोन्हीकडे आहे; मीटमध्ये ती सेटिंग्जमध्ये सुरू करावी लागते. एखाद्या विद्यार्थ्याला ‘बरोबर’ किंवा ‘पुढे बोल’ एवढेच म्हणायचे असेल तर ती उत्तम आहे. पण स्लाइड शो समोर असताना स्पेसबार पुढची स्लाइड आणतो. बोलायला गेलो आणि स्लाइड पळाली, असे झाले की कारण शोधायला दूर जाऊ नये. कीबोर्ड स्लाइड शोकडे होता, एवढाच त्याचा अर्थ.

कधी तक्रार उलटी असते: Ctrl + D दाबले, माइकच्या चिन्हावरची रेघ गेली, तरी मुलांना आवाज येत नाही. अनेक लॅपटॉपवर माइक बंद करणारी एक स्वतंत्र कळ असते, बहुधा वरच्या F ओळीत, आणि काहींवर कॅमेऱ्याची सरकती झडपही असते. मीट किंवा झूमचा शॉर्टकट या स्विचला हात लावत नाही. म्हणजे वाटेत दोन फाटके असून आपण एकच उघडलेले असते. बोलताना माइकच्या चिन्हाजवळची आवाजाची खूण अजिबात हलत नसेल, तर आधी ही कळ पाहावी. तिच्यावर बहुधा लहानसा दिवा असतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत, प्रोग्रॅममध्ये कॅमेरा चालू दिसतो आणि चित्र पूर्ण काळे येते, तेव्हा झडप बंद असण्याची शक्यता सर्वात जास्त असते. उलट कॅमेरा बंद झाला याची खात्री भिंगाजवळचा दिवा विझल्याने होते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. चॅटमध्ये मराठीत लिहिण्यासाठी आपण कीबोर्ड बदलतो आणि तो तसाच राहतो. भारतीय कीबोर्डच्या काही रचनांमध्ये Ctrl आणि Alt एकत्र धरल्यावर काही कळांवर वेगळी चिन्हे उमटतात, ₹ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. विंडो योग्य असूनही शॉर्टकट चालत नसेल, किंवा एखादे भलतेच अक्षर उमटत असेल, तर Windows + Space दाबून इंग्रजी कीबोर्डवर यावे आणि तोच शॉर्टकट पुन्हा पाहावा. आता चालला तर कारण तेच होते.

हात वर करण्याविषयी

हात वर करण्यासाठी मीटमध्ये Ctrl + Alt + H आणि झूममध्ये Alt + Y आहे. शिक्षकांच्या बैठकीत आपल्याला त्यांचा उपयोग होतो, पण वर्गाला या जोड्या शिकवण्याआधी किती मुले संगणकावर आहेत ते विचारावे. आमच्या वर्गात बहुतेक मुले मोबाइलवर असतात आणि त्यांच्यापुढे असा कीबोर्डच नसतो. त्यांना पडद्यावरचे हाताचे बटण कोठे आहे ते दाखवावे लागते, आणि ते दाखवण्यासाठी आपल्या मोबाइलवरचे चित्र टिपून वर्गाच्या गटात आदल्या दिवशी टाकलेले सर्वात बरे.

शिक्षकाची खरी अडचण वेगळी आहे. शेअर करताना वर आलेले हात त्याला दिसत नाहीत, आणि पाच-सात मिनिटे हात वर ठेवून बसलेले मूल कंटाळून तो खाली घेते. मीटमध्ये Ctrl + Alt + P ने आणि झूममध्ये Alt + U ने सहभागींची यादी उघडते, आणि हात वर केलेली मुले त्यात ज्या क्रमाने हात वर झाले त्या क्रमाने वेगळी दिसतात. वर सांगितल्याप्रमाणे मीट अर्ध्या पडद्यावर ठेवली असेल तर ही यादी उघडीच ठेवावी. जागा पुरत नसेल तर प्रत्येक दोन-तीन स्लाइडनंतर Ctrl + 1 किंवा Alt + Tab ने मीटवर येऊन, यादी पाहून, परत जावे. उत्तर दिल्यावर हात खाली आला आहे का तेही पाहावे, कारण तसाच राहिलेला जुना हात नवीन शंका झाकून टाकतो.

मॅकवर मीटसाठी Ctrl च्या जागी Command येतो, म्हणजे माइक Command + D ने आणि कॅमेरा Command + E ने बदलतो; हातासाठी Control + Command + H आहे. झूमसाठी तेथे माइकला Command + Shift + A, कॅमेऱ्याला Command + Shift + V आणि हाताला Option + Y वापरतात. मीटची विंडो समोर असण्याचा नियम तेथेही लागू आहे.

बाईंनी पुढच्या तासाआधी वाढलेल्या चार स्लाइड काढल्या, शो विंडोत लावला, मीटचा टॅब वेगळा काढून उजवीकडे बसवला आणि मोबाइलवरून तपासून पाहिले. पहिल्या प्रयत्नात माइक बदलला नाही. धड्यावर क्लिक केल्यानंतर त्या Alt + Tab दाबायला विसरल्या होत्या, आणि या वेळी ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले. लॅपटॉपच्या कडेला त्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ‘आधी Alt + Tab, मग Ctrl + D, मग चिन्ह पाहणे’ एवढेच लिहिले आहे.